संस्था गेली, पेट्या परत गेल्या, वाचनाचा तास राहिला

आपल्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेनं या एप्रिलअखेर एका स्वयंसेवी संस्थेबरोबरचं तीन वर्षांचं काम थांबवलं. संस्थेनं नाही, शाळेनं थांबवलं. ठराव करून, आभाराचं पत्र देऊन, सगळं सामान मोजून परत करून.

शाळेचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पण या घटनेची जी चर्चा चौकात चालू आहे ती ऐकून राहवलं नाही, म्हणून ही मोठी पोस्ट. वेळ काढून वाचा.

मला पहिला फोन आला तो असा: "संस्थेला शाळेतून हाकललं, टेम्पोत सामान भरून पाठवलं, काहीतरी भानगड आहे, बातमी लावा." दुसरा फोन: "बाईंना काम नको म्हणून संस्था घालवली." तिसऱ्याचं म्हणणं, टॅब गायब झालेत. आपल्याकडे टेम्पोत सामान चढताना दिसलं की एक तर लग्न असतं नाहीतर जप्ती, तिसरं काही असू शकतं हे डोक्यातच येत नाही. मी दोन दिवस शाळेत गेलो, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांशी बोललो, संस्थेच्या समन्वयकांनाही भेटलो, कागद बघितले. भानगड सापडली नाही. जे सापडलं ते मला बातमीपेक्षा जास्त सांगण्यासारखं वाटलं.

आधी काम काय होतं ते सांगतो.

शाळा पहिली ते पाचवी. पट ७४, शिक्षक तीन, त्यातल्या मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. जून २०२२ मध्ये संस्था आली. तेव्हा करोनातल्या बंद शाळेमुळे चौथीतल्या पोरांनाही जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. संस्थेचा कार्यक्रम वाचनाचा. तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचायला द्यायचं आणि तो कुठं अडतो ते बघायचं. अक्षर ओळखतो का, शब्द वाचतो का, चार ओळींचा परिच्छेद वाचतो का, छोटी गोष्ट वाचतो का. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे. पाचवीतला मुलगा शब्दावर अडत असेल तर तो तिसरीतल्या शब्दावर अडणाऱ्या मुलाशेजारी बसणार. रोज दीड तास. हे घ्यायला गावातलीच एक बारावी झालेली मुलगी, संस्थेनं मानधनावर नेमलेली. सगळी तिला ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो.

ही पद्धत काही या संस्थेनं शोधलेली नाही. 'प्रथम' संस्थेनं हे काम मुंबईत नव्वदीच्या दशकात सुरू केलं आणि पुढं देशभर नेलं. आता शासनाच्या निपुण उपक्रमातही मुलांची वाचनाची पातळी तपासून नोंदवायचीच असते.

मग चांगलं चाललेलं काम थांबवलं का?

करार ३० एप्रिलला संपत होता. फेब्रुवारीत संस्थेनं पुढच्या तीन वर्षांचा प्रस्ताव दिला. त्यात वाचनाचा भाग कमी होता आणि टॅबवरचं गणित-इंग्रजी जास्त. कारण साधं आहे. संस्थेला पैसा देणारी कंपनी बदलली होती आणि नव्या कंपनीला डिजिटल शिक्षणात रस होता. कंपन्यांच्या सामाजिक निधीचं असंच असतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायला लावली, ते चांगलंच झालं. पण कुठल्या कामावर खर्च करायची ते कंपनी ठरवते. संस्था त्यात मधल्या मध्ये असते. समन्वयक माझ्याशी मोकळेपणानं बोलले, "आम्हालाही वाचनच करायचं होतं. पण वाचनाला पैसा देणारा मिळाला नाही."

बाईंनी प्रस्ताव व्यवस्थापन समितीपुढं ठेवला. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. बऱ्याच गावांत ही समिती सह्यांपुरतीच असते, पण इथं खरंच चर्चा झाली. इतिवृत्ताची वही मी वाचली, दोन पानं आहेत.

बाईंनी तीन मुद्दे मांडले होते. पहिला, नव्या कार्यक्रमाला रोज दोन तास हवेत आणि तेवढे तास काढले तर वर्गाचं शिकवणं कोलमडेल. दुसरा, चार टॅब ७४ मुलांना पुरत नाहीत. एका टॅबभोवती पाच पोरं बसतात, त्यातलं एकच बोट चालवतं आणि बाकीची बघत राहतात. तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. तीन वर्षांत वाचनात मागं असलेली मुलं "ताईंची मुलं" झाली होती. वर्गशिक्षकाला विचारलं की हा का वाचत नाही, तर उत्तर यायचं, "त्याचं ताई बघतात." बाईंनी हे स्वतःच्या शाळेबद्दल, स्वतःच्या सहकाऱ्यांसमोर सांगितलं. त्याला धाडस लागतं.

या मुद्द्यावर सभेत एक आई उभी राहिली. तिचा मुलगा चौथीत. ती म्हणाली, "ताई हाय म्हणून माझं पोरगं शब्द तरी वाचाया लागलं. ताई गेल्यावर त्याला कोण घेऊन बसणार? गुरुजी तर निवडणुकीच्या यादीच्या कामाला जात्यात."

हा प्रश्न इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिलाय, आणि सभेचा पुढचा सगळा वेळ त्यावरच गेला.

तिची भीती खोटी नव्हती. त्या वेळच्या तपासणीप्रमाणे तिसरी ते पाचवीत ४६ मुलं होती. त्यातली २९ गोष्ट वाचत होती, ६ परिच्छेदापर्यंत आली होती आणि ११ मुलं शब्दावर किंवा त्याच्याही खाली होती. सुरुवातीला, २०२२ मध्ये, ४३ पैकी १४ च मुलं गोष्ट वाचायची. संस्थेच्या अहवालात हे दोन आकडे शेजारी-शेजारी मोठ्या अक्षरात छापलेत. बाईंनी सभेत सांगितलं की यातलं सगळं श्रेय कार्यक्रमाचं धरू नका. तेव्हाची मुलं बंद शाळेतून आलेली होती, आताच्या मुलांना वर्गात बसायला जास्त काळ मिळालेला आहे. ताईंच्या कामामुळं फरक पडला हे नक्की, पण नेमका किती ते या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही. कुठलाही अहवाल वाचताना हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. आधीची मुलं आणि नंतरची मुलं तीच आहेत का, आणि मधल्या काळात दुसरं काय बदललं?

संस्था गेल्यावर काय होतं, याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही. या पद्धतीवर आपल्या देशात बराच अभ्यास झालाय. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच तऱ्हेच्या कामासाठी. २००१ ते २००३ या काळात वडोदरा आणि मुंबईच्या पालिका शाळांत 'बालसखी' कार्यक्रमाची तपासणी झाली. वस्तीतली शिकलेली मुलगी मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. म्हणजे आपल्या ताईंसारखंच. मुलं चांगली सुधारली. पण मुलं कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरानं बघितलं तर तो फायदा बराच ओसरलेला होता. पूर्ण गेला नव्हता, पण ओसरला होता.

दुसरा अभ्यास बिहारचा. तिथं सरकारी शिक्षकांना हेच साहित्य दिलं, काही ठिकाणी प्रशिक्षणही दिलं. मुलांच्या वाचनात सांगण्यासारखा फरक पडला नाही. पण तेच सरकारी शिक्षक उन्हाळी शिबिरात हीच पद्धत घेऊन बसले तेव्हा मुलं वाचायला लागली. म्हणजे शिक्षकाला येत नव्हतं असं नाही. शाळा सुरू झाली की त्याच्या मानगुटीवर अभ्यासक्रम बसतो, आणि पेटी कपाटात जाते. पुढं हरियाणात शाळेच्या वेळातच एक तास फक्त यासाठी राखून ठेवला, त्या तासाला इयत्ता मोडून गट केले आणि वरचे अधिकारी येऊन बघायला लागले. तिथं शिक्षकांकडूनच हिंदी वाचन सुधारलं.

थोडक्यात, पेटीनं किंवा प्रशिक्षणानं भागत नाही. घड्याळातला एक तास राखून ठेवावा लागतो आणि त्या तासाला कोणी येऊन बघणारं असावं लागतं.

समितीनं नेमकं तेच ठरवलं. करार न वाढवण्याचा ठराव झाला, पण त्याच ठरावात पुढची तीन कलमं लिहिली गेली. जूनपासून परिपाठानंतरचा पहिला तास तिसरी ते पाचवीसाठी वाचनाचा. दोन शिक्षक गट वाटून घेतील, आणि ती अकरा मुलं बाई स्वतः घेतील. शिक्षक बाहेरच्या कामाला गेले तर त्या दिवशी दुसरा तास बुडेल, हा नाही. आणि दर दोन महिन्यांनी समितीच्या सभेत ही अकरा मुलं एकेक करून वाचून दाखवतील. सगळ्यांसमोर नाही, दोन पालक सदस्यांसमोर, बाजूच्या खोलीत. प्रश्न विचारणारी आई त्या दोघांपैकी एक आहे.

आता सामानाकडं येतो, कारण टेम्पो त्याचाच होता.

संस्था शाळेत जे सामान आणते ते दोन प्रकारचं असतं. एक भेट दिलेलं, दुसरं वापरायला दिलेलं. येताना सगळं एकाच गाडीतून येतं, फोटो एकत्रच निघतो, आणि तीन वर्षांनी कोणाचं काय हे कोणालाच आठवत नाही. तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेत याच कारणावरून पुस्तकांची पेटी दोन वर्षं कुलूपबंद पडली होती. संस्था म्हणायची आमची, शाळा म्हणायची आमची, आणि आतली पुस्तकं शेवटी वाळवीनं वाचली.

या शाळेतही अडचण होतीच. २०२२ मध्ये सामान उतरलं तेव्हा आधीच्या गुरुजींनी सगळंच्या सगळं डेडस्टॉक नोंदवहीत चढवून ठेवलं होतं. आता डेडस्टॉकला चढलेली वस्तू शाळेची मालमत्ता झाली. ती बाहेर काढायची तर निर्लेखन करावं लागतं, मंजुरी घ्यावी लागते. उगाच उचलून दिली तर उद्या तपासणीत मुख्याध्यापकाच्या गळ्यात. कितीतरी मुख्याध्यापक याच भीतीनं सामान परत देत नाहीत, आणि बाहेर चर्चा होते की शाळेनं सामान दाबलं.

बाईंनी जुनी फाइल उपसली. त्यात सामान आलं त्या दिवशीची पोच सापडली. पेट्या आणि टॅबपुढं "कार्यक्रम काळात वापरासाठी" असं लिहिलं होतं, सतरंज्या आणि फळ्यापुढं "भेट". करारातही साहित्य परत करण्याचं कलम होतं. मग त्यांनी नोंदवहीतली ओळ खोडली नाही, व्हाइटनर लावला नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं की ही वस्तू संस्थेची, वापरासाठी आलेली, पोच आणि करार जोडला आहे, समितीच्या अमुक ठरावानं परत. केंद्रप्रमुखांना तसं पत्र दिलं, त्याची पोच घेतली. आणि मगच टेम्पो बोलावला.

मोजणी ताई, एक गुरुजी आणि समितीचे दोन सदस्य अशी चौघांनी केली. पुस्तकं आली होती २४०. चांगली निघाली २१२, फाटलेली १७, सापडली नाहीत ती ११. फाटलेली वेगळ्या गठ्ठ्यात बांधली. हरवलेल्या अकराची नावं यादीत लिहिली. कोणी तरी सुचवलं होतं की शाळेच्या वाचनालयातली अकरा पुस्तकं टाकून भरती करू, कोणाला कळतंय. बाईंनी ऐकलं नाही. संस्थेच्या समन्वयकांनी यादी बघितली आणि त्यावरच लिहून दिलं की हरवलेली आणि फाटलेली पुस्तकं वापरातली झीज धरावी, भरपाई नको. मला म्हणाले, "काही शाळांतून पेटी कोरी करकरीत परत येते. ते बघून जास्त वाईट वाटतं."

फाटलेली १७ पुस्तकं त्यांनी शाळेलाच ठेवायला दिली. त्यासाठी वेगळं भेटपत्र घेतलं, आणि ती वाचनालयाच्या नोंदवहीत नव्यानं चढली. चिकटपट्टी लावायचं काम पाचवीच्या पोरांनी केलं.

गायब झाल्याची चर्चा असलेले टॅब चारच्या चार परत गेले, चार्जरसकट. एकाची काच तडकलेली, ती दुसऱ्याच वर्षी तडकली होती आणि तेव्हाच कळवलेलं होतं, ते पत्र फाइलला आहे.

पण टॅबच्या बाबतीत काचेपेक्षा महत्त्वाचं काहीतरी आत असतं. मुलांची नावं, फोटो, कोण कुठल्या पातळीवर आहे, कोण किती वेळा अडला. तीन वर्षांची ही माहिती टॅबबरोबर निघून गेली असती तर शाळेला जूनमध्ये त्या अकरा मुलांची सुरुवात पुन्हा शून्यापासून करावी लागली असती. म्हणून क्रम असा ठेवला. आधी इंटरनेट जोडून सगळी माहिती संस्थेच्या सर्व्हरवर चढू दिली, नाहीतर संस्थेचं नुकसान. मग प्रत्येक मुलाच्या नोंदीचा कागदी उतारा शाळेनं घेतला. त्यानंतर संस्थेच्या माणसानं समितीच्या सदस्यांसमोर टॅब पूर्ण कोरे केले. आणि शेवटी शाळेनं एक पत्र दिलं: मुलांचे फोटो आणि नावं यापुढं अहवालात किंवा जाहिरातीत वापरू नयेत, आणि सर्व्हरवरची माहिती किती काळ ठेवणार ते लेखी कळवावं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, त्याचा आधार घेतला. या पत्राचं उत्तर मी लिहीपर्यंत आलेलं नाही. आलं की इथंच कळवेन.

सामानाबरोबर आभाराचं पत्र गेलं. अशी पत्रं आपण सगळ्यांनी वाचलीत. "आपले अमूल्य सहकार्य लाभले, त्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे." नाव बदललं की कोणालाही चालतं. बाईंचं पत्र वेगळं होतं. त्यांच्या आणि संस्थेच्या परवानगीनं त्यातला भाग देतो:

"आपल्या ताईंनी तीन वर्षांत आमच्या मुलांबरोबर रोज दीड तास काढला. ओढ्याला पाणी असताना त्या वरच्या पुलावरून वळसा घालून आल्या, पण तास बुडाला नाही. मुलाला इयत्तेप्रमाणे न बसवता तो जिथे अडला तिथून पुढे न्यायचे, हे आम्ही आपल्याकडून शिकलो आणि ते पुढे चालू ठेवत आहोत. टॅबचा आमच्या शाळेत फारसा उपयोग झाला नाही, संख्या कमी होती आणि वीज दुपारी जात असे. हे आपल्याला पुढच्या शाळेत उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे. अकरा मुले अजून वाचू शकत नाहीत. ती आता आमची जबाबदारी आहे. ऑक्टोबरमध्ये आपण एकदा येऊन त्यांचे वाचन ऐकावे, अशी विनंती."

समन्वयकांनी सांगितलं की त्यांच्याकडं आभाराच्या पत्रांचा मोठा गठ्ठा आहे, पण काय जमलं नाही हे लिहिलेलं पत्र त्यात दुसरं नाही. हे पत्र त्यांनी आपल्या कार्यालयात सगळ्यांना वाचून दाखवलं. ऑक्टोबरमध्ये यायचं कबूल केलंय, स्वतःच्या खर्चानं, कुठल्या प्रकल्पात न धरता.

आता जे नीट झालं नाही तेही लिहितो, नाहीतर ही पोस्ट म्हणजे सत्काराचं भाषण होईल.

या सगळ्यात ताईंचं मानधन बंद झालं. ठरावात त्यांच्याबद्दल आभाराचं एक वाक्य आहे, पण आभारानं किराणा येत नाही. शाळेला त्यांना ठेवता येत नाही, कारण तसं पदच नाही आणि समितीकडं तेवढा निधी नाही. संस्थेनं नव्या टॅबच्या कार्यक्रमात दुसऱ्या तालुक्यात काम देऊ केलंय, पण रोजचा जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरचा प्रवास आहे आणि घरात लहान मूल आहे. त्या अजून ठरवत नाहीयेत. मी विचारलं, राग आला का? म्हणाल्या, "राग नाही हो. फक्त ती अकरा जणं कुठं अडत्यात ते मला तोंडपाठ आहे. ते कागदावर सगळं येत नाही." मग बाईंनी त्यांना दोन दुपारी बोलावून घेतलं, आणि त्या सांगत गेल्या तसं एकेका मुलापुढं वहीत लिहून घेतलं. एकाला 'ध' आणि 'घ' मध्ये गोंधळ होतो. एकीला वाचता येतं पण मोठ्यानं वाचताना आवाज फुटत नाही, म्हणून ती चाचणीत खाली दिसते. एकाला चष्म्याची गरज असावी. तीन वर्षांच्या कुठल्याच अहवालात हे नव्हतं.

दुसरी कच्ची बाजू म्हणजे हे सगळं सध्या एका बाईंवर उभं आहे. त्यांची बदली झाली तर? मी हे अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "म्हणूनच ठरावात लिहिलंय, बाईंच्या डोक्यात नाही ठेवलं." बरोबर आहे. पण ठराव वहीत असतो आणि वही कपाटात. तो कपाटाबाहेर काढणारी माणसं समितीत राहिली तरच उपयोग. शिवाय तीनपैकी एक शिक्षक यादीच्या नाहीतर सर्वेक्षणाच्या कामाला गेला, की दोघांत पाच वर्ग आणि वाचनाचे गट बसवायचे. त्यावर समितीच्या ठरावाचा इलाज चालत नाही, ते वरच्यांनी बघायला हवं.

ही शाळा यशस्वी झाली असं मी म्हणत नाही. ते जूननंतर कळेल, आणि खरं तर ऑक्टोबरमध्ये. त्या अकरातली किती मुलं तेव्हा गोष्ट वाचतात त्यावर. मी ऑक्टोबरमध्ये जाणार आहे आणि जो आकडा असेल तो इथं लिहिणार आहे, चांगला असो वा वाईट.

तोवर एक काम तुमच्यासाठी. तुमच्या गावच्या शाळेत एखाद्या संस्थेचं काम चालू असेल, आणि आपल्या तालुक्यात अशा शाळा बऱ्याच आहेत, तर पुढच्या पालकसभेत तीन गोष्टी विचारा. करार कधी संपतो? आलेल्या सामानातलं भेट कुठलं आणि वापरायला दिलेलं कुठलं, त्याची पोच कुठं आहे? आणि माझ्या पोराची नोंद संस्थेच्या टॅबमध्ये आहे तशी शाळेच्या वहीतही आहे का? भांडायला जाऊ नका, चहा प्यायला गेल्यासारखं जा आणि विचारा. संस्था आल्या दिवशी हे विचारणं सोपं असतं. टेम्पो दारात उभा राहिल्यावर नाही.

आणि ज्यांनी मला "बातमी लावा" म्हणून फोन केले त्या तिघांना: लावली बघा. टॅब चार होते, चारही पोचले. सह्या केलेली यादी शाळेच्या फाइलला आहे, शाळा उघडली की कोणीही जाऊन बघू शकतो.